सरासरी की मध्यक? आधी प्रश्न ठरवा

कुटुंबांच्या उत्पन्नाचे आकडे प्रसिद्ध झाले की जवळपास दर वेळी एकच वाद उभा राहतो. एक बाजू म्हणते की कुटुंबाचे सरासरी उत्पन्न वाढले, म्हणजे लोक पूर्वीपेक्षा सुस्थितीत आले. दुसरी बाजू म्हणते की सरासरी हा फसवा आकडा आहे, मोजक्या श्रीमंतांमुळे तो फुगतो, खरे चित्र फक्त मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात बरोबर मधोमध येणारे उत्पन्न, दाखवतो. मग पहिली बाजू मध्यकाला सोयीचा आकडा ठरवते आणि वाद हेत्वारोपांवर येऊन थांबतो. या सगळ्यात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते : कुटुंबांच्या उत्पन्नाचा कोणता तरी एक आकडा खरा आहे आणि दुसरा खोटा. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. सर्वसाधारण कुटुंब कसे जगते हा प्रश्न असेल तर मध्यक दिल्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेथे केवळ सरासरी देणे ही दिशाभूल आहे. पण सर्व कुटुंबांचे मिळून किती उत्पन्न आहे यावर अवलंबून असलेला प्रश्न असेल, तर आकडे कितीही एका बाजूला कललेले असोत, मध्यकाचा तेथे काहीही उपयोग नाही. 'वितरण कललेले असेल तर मध्यक घ्यावा' हा वर्गात शिकवला जाणारा नियम बहुतेकदा योग्य आकड्यापर्यंत पोहोचवतो, परंतु चुकीच्या कारणाने पोहोचवतो. आणि कारण चुकीचे असले की परिस्थिती जरा बदलताच उत्तरही चुकते.

फळ्यावर मांडता येईल असे उदाहरण घेऊ. अकरा कुटुंबांचे मासिक उत्पन्न, हजारांत आणि चढत्या क्रमाने, असे आहे : ८, १०, १२, १४, १५, १८, २०, २४, २९, ४०, २५०. बेरीज ४४०, म्हणून सरासरी ४०. सहावे मूल्य १८, म्हणून मध्यक १८. सरासरीपेक्षा अधिक उत्पन्न असलेले कुटुंब एकच आहे, सरासरीइतके उत्पन्न असलेले एक, आणि उरलेली नऊ कुटुंबे सरासरीच्या खाली आहेत. विद्यार्थ्यांना 'यांतला प्रातिनिधिक आकडा कोणता' असे विचारले तर ते १८ म्हणतात आणि शिक्षक समाधानाने पुढच्या उदाहरणाकडे वळतात. येथेच थांबून दुसरा प्रश्न विचारायला हवा. या अकरा कुटुंबांवर उत्पन्नाच्या दहा टक्के कर बसवला तर एकूण किती रक्कम जमा होईल? सरासरीवरून उत्तर मिळते : ४० चा दहावा हिस्सा ४, गुणिले ११, म्हणजे ४४ हजार, आणि ते तंतोतंत बरोबर आहे. मध्यकावरून मिळते १.८ गुणिले ११, म्हणजे १९.८ हजार, खऱ्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी. आकडे तेच आहेत, त्यांचा कलही तोच आहे. बदलला तो फक्त प्रश्न, आणि त्यासरशी योग्य मापही बदलले. मग निवड कलावरून होते असे कसे म्हणता येईल?

सरासरी आणि मध्यक यांतला फरक विद्यार्थ्यांना एका शिक्षेच्या खेळातून फार स्वच्छ दाखवता येतो. सर्व कुटुंबांसाठी मिळून एकच संख्या सांगायची आहे. प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न त्या संख्येपासून जितके दूर, तितका दंड भरायचा आहे. एकूण दंड कमीत कमी राहावा म्हणून कोणती संख्या सांगावी? समजा आपण १८ सांगितली आणि मग ती १९ केली. १८ व त्याखालची सहा कुटुंबे एका एककाने दूर गेली, वरची पाच एका एककाने जवळ आली, म्हणजे दंड एकाने वाढला. १८ ऐवजी १७ केली, तर १८ व त्यावरची सहा कुटुंबे दूर गेली आणि खालची पाच जवळ आली. पुन्हा दंड वाढला. म्हणून या नियमाखाली १८, म्हणजे मध्यकच, सर्वांत स्वस्त पडतो. या युक्तिवादात २५० या आकड्याचा आकार कोठेही आला नाही. ते कुटुंब मध्यकाच्या वर आहे एवढेच पुरले. आता नियम बदला : दंड अंतराइतका नव्हे, तर अंतराच्या वर्गाइतका. या नियमात दूरच्या कुटुंबाचे ओझे झपाट्याने वाढते, आणि सर्वांत स्वस्त संख्या ठरते ४०, म्हणजे सरासरी. दोन्ही मापे आपापल्या नियमात निर्दोष आहेत. मध्यक कुटुंबे मोजतो, सरासरी पैसा मोजते. कोणाला किती वजन द्यायचे हा निर्णय आकडे घेत नाहीत, तो आपण घेतो, आणि वाद घालायचाच असेल तर तो या निर्णयाबद्दल घालावा.

हा निर्णय दृष्टीआड कसा झाला, याचे उत्तर या मापांच्या इतिहासात आहे. सरासरीची प्रतिष्ठा खगोलशास्त्रातून आली. एकाच ताऱ्याचे स्थान अनेकदा मोजले की दर वेळी थोडा वेगळा आकडा येतो. ताऱ्याचे स्थान एकच असते, फरक असतो तो मोजण्यातल्या चुकांचा. अशा वेळी निरीक्षणांची सरासरी काढली की वर-खालच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. १८०९ मध्ये गाउस याने आपला चुकांचा नियम मांडताना सरासरी हेच सर्वांत संभाव्य मूल्य असावे असे गृहीत धरले होते. पुढे बेल्जियमचा केतले, जो स्वतः खगोलशास्त्रज्ञ होता, त्याने हीच रीत माणसांना लावली आणि १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. जणू निसर्गाने एक आदर्श नेम धरला असून प्रत्यक्ष माणसे हे त्या नेमाचे थोडे चुकलेले बाण आहेत. उंचीसारख्या बाबतीत या कल्पनेने फारसे नुकसान होत नाही, कारण तेथे वितरण बरेचसे सममित असते आणि सरासरी व मध्यक जवळजवळ एकच येतात. उत्पन्नाच्या बाबतीत मात्र ही कल्पना मुळातच मोडते. अकरा कुटुंबांची उत्पन्ने ही कोणत्या तरी एका खऱ्या उत्पन्नाची अकरा सदोष निरीक्षणे नाहीत. २५० मिळवणाऱ्या कुटुंबाने कोणताही नेम चुकवलेला नाही. त्याचे उत्पन्न तेवढेच आहे.

ही गोष्ट सरासरीच्या समर्थकांना ऐकवली जाते, पण मध्यकाचे समर्थकही तिच्यातून सुटत नाहीत. मध्यक का घ्यावा, याचे पाठ्यपुस्तकी कारण असे सांगितले जाते की टोकाची मूल्ये सरासरी 'बिघडवतात' आणि मध्यक त्यांच्यापासून सुरक्षित राहतो. बिघडवतात म्हणजे काय? उत्पन्नाची नोंद करताना २५ ऐवजी चुकून २५० लिहिले गेले असेल, तर तो खरोखर बिघाड आहे, आणि त्यावरचा उपाय मूळ नोंद तपासून आकडा दुरुस्त करणे हा आहे. पण २५० ही खरी नोंद असेल तर तिने काहीही बिघडवलेले नाही. या उदाहरणात एकूण उत्पन्नाचा ५७ टक्के भाग त्या एका कुटुंबाकडे आहे. विषमतेच्या चर्चेत ही सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती आहे, आणि तिला 'बाह्य मूल्य' हे नाव देऊन बाजूला सारणे म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा तीच पुसून टाकणे आहे. काही वर्गांत तर टोकाचे मूल्य वगळून उरलेल्यांची सरासरी काढायला सांगतात. येथे ती १९० भागिले १०, म्हणजे १९ येते आणि मध्यकाच्या जवळ असल्यामुळे दिसायला शहाणी वाटते. पण ही १९ कोणाची सरासरी आहे? श्रीमंत कुटुंब ज्यात नाही अशा समाजाची, आणि तो समाज आपल्यासमोर नाही. मध्यक घेण्याचे खरे कारण निराळे आहे : आपण 'निम्मी कुटुंबे कोणत्या पातळीच्या खाली जगतात' असे विचारत आहोत आणि मध्यक त्याचे थेट उत्तर आहे. हे कारण नोंदी बिनचूक असतानाही टिकते. टोकाच्या मूल्याचे कारण टिकत नाही.

आता विरुद्ध बाजूचे बळ मान्य करू, कारण ते खरोखर आहे. सरासरीच्या बाजूने पहिला मुद्दा असा की तिचा हिशेब जुळतो. एका वस्तीत तीन कुटुंबे आहेत, उत्पन्न १०, १२, १४. दुसरीत पाच, उत्पन्न १६, ३०, ५०, ६०, ७०. सरासरी अनुक्रमे १२ आणि ४५.२. कुटुंबसंख्येचे वजन देऊन त्या एकत्र केल्या की आठही कुटुंबांची सरासरी ३२.७५ येते, मूळ आकडे पुन्हा न पाहता. मध्यक अनुक्रमे १२ आणि ५० आहेत. त्यांची साधी सरासरी ३१, वजन देऊन ३५.७५, आणि आठ कुटुंबांचा खरा मध्यक मात्र १६ आणि ३० यांच्या मधोमध, म्हणजे २३. गटांच्या मध्यकांवरून एकूण मध्यक काढण्याचा कोणताही मार्ग नाही. मूळ यादीकडेच परत जावे लागते. ज्याला जिल्ह्यांच्या आकड्यांवरून प्रांताचा आकडा काढायचा आहे किंवा उत्पन्नाची खर्च आणि बचत अशी फोड करायची आहे, त्याच्यासाठी ही अडचण क्षुल्लक नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. मध्यक आंधळा असू शकतो. आपल्या अकरांपैकी सर्वांत गरीब पाच कुटुंबांचे उत्पन्न निम्म्यावर आले, म्हणजे ८, १०, १२, १४, १५ चे ४, ५, ६, ७, ७.५ झाले, तरी मध्यक १८ वरच राहतो. याहून विचित्र उदाहरणही आहे. पाच कुटुंबांची उत्पन्ने १०, २०, ३०, ४०, ५० आहेत आणि पुढच्या वर्षी तीच कुटुंबे त्याच क्रमाने ५, १५, ३१, ३५, ४० वर आली. पाचांपैकी चार कुटुंबांचे नुकसान झाले, आणि मध्यक ३० वरून ३१ वर गेला. 'मध्यक वाढला म्हणजे सर्वसामान्य कुटुंब सुधारले' हे विधानही म्हणूनच आपोआप खरे ठरत नाही. मध्यक एका जागेची उंची सांगतो. त्या जागेच्या वर किंवा खाली काय घडले, आणि त्या जागी आज उभे असलेले कुटुंब काल कोठे होते, हे तो सांगत नाही.

एवढे मान्य केल्यावर सरासरीची बाजू जिंकली का? नाही, कारण ज्या विधानावरून वाद पेटतो ते विधान बेरजेचे किंवा फोडीचे नसतेच. 'लोकांची स्थिती सुधारली' हे विधान कुटुंबांबद्दल आहे. आपल्या अकरा कुटुंबांचे दुसरे वर्ष पाहा. पहिल्या दहा कुटुंबांचे उत्पन्न प्रत्येकी एका हजाराने घटले, आणि शेवटच्याचे २५० वरून ३०४ झाले. बेरीज ४४० वरून ४८४ झाली, सरासरी ४० वरून ४४. सरासरी उत्पन्न दहा टक्क्यांनी वाढले हे विधान अंकगणिताने अचूक आहे, आणि त्याच वर्षी अकरांपैकी दहा कुटुंबे अधिक गरीब झाली आहेत. मध्यक १८ वरून १७ वर आला आणि त्याने घसरण दाखवली. मध्यकाच्या आंधळेपणाची वर दिलेली उदाहरणे खरी असली तरी दोन्ही दोषांत एक महत्त्वाचा फरक आहे. मध्यकाने उलटी दिशा दाखवावी यासाठी मधल्या स्थानाच्या आसपासचे आकडे विशिष्ट पद्धतीने हलावे लागतात. सरासरीची फसगत घडवायला एकाच टोकाला मोठी वाढ पुरते, आणि उत्पन्नाच्या वितरणात नेमका तोच बदल वारंवार घडतो, कारण वरच्या टोकाला कमाल मर्यादा नाही आणि खालच्या टोकाला शून्याची भिंत आहे. हा फरक केवळ फळ्यावरच्या उदाहरणापुरता नाही. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०२२ या वर्षासाठी दिलेला कुटुंबाच्या उत्पन्नाचा मध्यक ७४,५८० डॉलर होता, आणि सरासरी लाखाच्या वर होती. मधल्या कुटुंबाला सरासरी गाठण्यासाठी आपल्या उत्पन्नात कितीतरी भर घालावी लागली असती.

मध्यकाच्या बाजूने बोलताना १९०७ चा एक प्रसंग नेहमी पुढे केला जातो, आणि तो चुकीच्या जागी वापरला जातो असे माझे मत आहे. फ्रान्सिस गाल्टन याने एका पशुप्रदर्शनातल्या स्पर्धेच्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. बैल कापून साफ केल्यावर त्याचे वजन किती भरेल, याचे अंदाज लोकांनी त्यांवर लिहिले होते. गाल्टनने मध्यक निवडला, कारण प्रत्येक अंदाज हे एक मत मानले तर मध्यकाहून अधिक किंवा कमी आकड्याला बहुमत नाकारते. त्याने छापलेला मध्यक १२०७ पौंड होता आणि प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड. पुढे विचारणा झाल्यावर त्याने सरासरीही दिली : ११९७ पौंड, म्हणजे मध्यकापेक्षाही अधिक जवळ. कोणी याचा अर्थ लावतो की समूहाचे शहाणपण मध्यकात आहे, कोणी म्हणतो सरासरीत. पण बैलाचे वजन एकच होते. अंदाज बरोबर की चूक हे तराजूने ठरवता येत होते. कुटुंबांच्या उत्पन्नात असा तराजू कोठे आहे? तेथे कोणता आकडा 'अधिक जवळ आला' हे विचारण्याला अर्थच नाही, कारण जवळ येण्यासाठी पलीकडे काहीही नाही. या प्रसंगातून उत्पन्नाच्या चर्चेला लागू पडते ते गाल्टनचे कारण : एक कुटुंब, एक मत. एका पौंडाने जिंकलेली किंवा हरलेली शर्यत तेथे लागू पडत नाही.

निवडीचा परिणाम धोरणावर कसा होतो हे सापेक्ष दारिद्र्यरेषेत दिसते. युरोपात एकेकाळी ही रेषा सरासरी उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर आखण्याची रीत होती. २००१ मध्ये लाकेन येथे मान्य झालेल्या निर्देशकांपासून युरोपीय संघ ती मध्यकाच्या ६० टक्क्यांवर आखतो, आणि त्यासाठी कुटुंबातील माणसांची संख्या व वय लक्षात घेऊन समतुल्य केलेले उत्पन्न वापरतो. आपल्या अकरा कुटुंबांत सरासरीची निम्मी पातळी २० येते आणि सहा कुटुंबे तिच्या खाली आहेत. आता फक्त शेवटच्या कुटुंबाचे उत्पन्न २५० वरून ३६० झाले असे समजा. बाकी कोणाचेही काहीही बदललेले नाही. बेरीज ५५०, सरासरी ५०, रेषा २५, आणि तिच्या खाली आता आठ कुटुंबे. ज्यांच्या घरात काहीच घडले नाही अशी दोन कुटुंबे एका श्रीमंताच्या वाढीमुळे गरीब ठरली. मध्यकाची ६० टक्के पातळी १०.८ आहे, ती हलत नाही, आणि तिच्या खालची दोन कुटुंबे तीच राहतात. मध्यकाच्या रेषेलाही मर्यादा आहे, हे येथे सांगायलाच हवे : मंदीत मधल्या कुटुंबांचे उत्पन्न घसरले की रेषाही खाली येते, आणि कोणाचीही परिस्थिती न सुधारता गरिबांची संख्या कमी झालेली दिसू शकते. म्हणून अशा काळात रेषा एखाद्या आधीच्या वर्षावर स्थिर ठेवूनही मोजणी केली जाते. पण रेषा मधल्या कुटुंबाच्या जीवनमानाशी बांधलेली असणे हे ती एका टोकाशी बांधलेली असण्यापेक्षा किती तरी अधिक समर्थनीय आहे.

वर्गात हा विषय शिकवताना आणखी एक गोष्ट सहसा वगळली जाते : आकडे आपल्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतात. उत्पन्नाची वर्गीकृत सारणी अनेकदा अशी असते की शेवटचा वर्ग उघडा असतो. १०० कुटुंबांची सारणी घ्या : ० ते १० मध्ये २२, १० ते २० मध्ये ३४, २० ते ३० मध्ये २०, ३० ते ५० मध्ये १४, आणि '५० व अधिक' यात १०. मध्यकासाठी पन्नासावे कुटुंब कोठे येते ते पाहायचे. पहिल्या वर्गाअखेर संचित वारंवारता २२ आणि दुसऱ्याअखेर ५६, म्हणून मध्यक वर्ग १० ते २०. त्यात आणखी २८ कुटुंबे पुढे जायचे आहे आणि वर्गात कुटुंबे आहेत ३४, म्हणून मध्यक १० अधिक १० गुणिले २८/३४, म्हणजे सुमारे १८.२. शेवटचा वर्ग कोठे संपतो याची गरजच पडली नाही. आता सरासरी काढा. पहिल्या चार वर्गांचे वर्गमध्य ५, १५, २५, ४०. वारंवारतांनी गुणून बेरीज १६८०. शेवटच्या वर्गाचा वर्गमध्य काय धरणार? ६० धरला तर सरासरी २२.८, ७५ धरला तर २४.३, २०० धरला तर ३६.८. पाठ्यपुस्तके या वर्गाला बहुधा आधीच्या वर्गाएवढी रुंदी देतात आणि उदाहरण सुटते. त्यामुळे विद्यार्थ्याला कळतच नाही की उत्तराचा मोठा भाग त्याने स्वतःच ठरवला आहे, आणि तोही नेमक्या त्या वर्गात, जेथे बहुतेक पैसा असण्याची शक्यता आहे. सरासरी सारणीतून आली की कोणाच्या तरी गृहीतकातून, हे ओळखण्याची सोपी खूण हीच : शेवटच्या वर्गाचा वर्गमध्य दुप्पट करून पाहावा आणि उत्तर किती हलते ते तपासावे.

नमुना सर्वेक्षणात हीच अडचण वेगळ्या रूपात येते, आणि ती चिठ्ठ्यांनी दाखवता येते. अकरा उत्पन्ने अकरा चिठ्ठ्यांवर लिहा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांतून पाच उचलून सरासरी व मध्यक काढायला सांगा. मध्यक १२ पासून २९ पर्यंत कोठेही येऊ शकतो. सरासरीचे मात्र दोन वेगळे घोळके पडतात. २५० ची चिठ्ठी न आलेल्या नमुन्याची सरासरी फार तर २६.२, कारण उरलेल्यांतली सर्वांत मोठी पाच मूल्ये १८, २०, २४, २९, ४० आहेत. ती चिठ्ठी आली तर सरासरी किमान ५८.८, जरी तिच्यासोबत सर्वांत लहान चार मूल्ये आली तरी. म्हणजे पाच चिठ्ठ्यांच्या कोणत्याही नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीच्या, ४० च्या, आसपास येऊच शकत नाही. तरीही सर्व शक्य नमुन्यांच्या सरासऱ्यांची सरासरी बरोबर ४० आहे. हे पाहिल्यावर काही जण निष्कर्ष काढतात की लहान नमुन्यात सरासरीऐवजी मध्यक वापरावा. हा निष्कर्ष मला मान्य नाही. नमुन्याचा मध्यक हा समाजाच्या मध्यकाचा अंदाज आहे. एकूण उत्पन्न हवे असेल तर तो स्थिर आहे म्हणून उपयोगी ठरत नाही, कारण तो स्थिरपणे भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतो. एकूण उत्पन्न हवे असेल तर श्रीमंत कुटुंबांचा वेगळा स्तर करून त्यातून अधिक दाट नमुना घ्यावा लागतो, किंवा करनोंदींचा आधार घ्यावा लागतो. प्रत्यक्षात सर्वांत श्रीमंत कुटुंबे सर्वेक्षणाला प्रतिसादही कमी देतात, म्हणून सर्वेक्षणावरून काढलेली सरासरी बहुधा खऱ्यापेक्षा कमी येते, तर मध्यकावर या उणिवेचा परिणाम थोडाच होतो. उत्पन्नाच्या आकड्यांचा दाखला देणाऱ्या दोन्ही बाजूंनी आपला आकडा कोणत्या नोंदींतून आला हे सांगितले, तर वादातला बराचसा भाग तेथेच मिटेल.

कोणी म्हणेल की इतकी चिकित्सा शाळेतल्या मुलांना झेपणार नाही. त्यांना एक सोपा नियम द्यावा आणि बाकीचे पुढच्या वर्गांवर सोपवावे. नियम सोपा असावा हे मान्य आहे, पण 'कल पाहा' हा नियम 'प्रश्न पाहा' या नियमापेक्षा सोपा नाही. कल ओळखायला आलेख काढावा लागतो, प्रश्न ओळखायला वाचावे लागते. शिवाय सरासरी मध्यकाहून मोठी असली की वितरण उजवीकडे कललेलेच असते, हा जोडनियमही सर्वत्र खरा नाही. अकरा कुटुंबांची तीच यादी देऊन परीक्षेत तीन प्रश्न विचारावेत : यांच्याकडून दहा टक्के दराने किती कर जमा होईल, यांपैकी निम्मी कुटुंबे कोणत्या उत्पन्नाच्या खाली जगतात, आणि ४० हजारांच्या सरासरीवरून येथे नवे दुकान काढणाऱ्याने बहुतेक ग्राहकांच्या ऐपतीबद्दल काय गृहीत धरू नये. प्रत्येक उत्तरासोबत वापरलेल्या मापाचे कारण एका वाक्यात मागावे. पहिल्या प्रश्नाला मध्यक वापरून 'कारण आकडे कललेले आहेत' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्याला शिकवलेला नियम अचूक पाळलेला असेल, आणि त्याचे उत्तर २४.२ हजारांनी चुकलेले असेल.